काउंटर ऑफर नाकारताना साहेबांना काय लिहावं? (बडोदा)

कोठीरोडकर

मकरपुरा जीआयडीसीत ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात डिझाइनला आहे. जुलैअखेर सहा वर्षं आठ महिने होतील. १ जूनला राजीनामा दिला, नोटीस ६० दिवसांची, म्हणून ३१ जुलै शेवटचा दिवस. एचआरने ही तारीख मेलवर मान्य केली आहे. ३ ऑगस्टला सावलीला रुजू व्हायचंय, तिथलं ऑफर लेटर सही करून दिलंय.

काल मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. "६२ चे ८० करतो, सीनियरचं पद देतो, थांब." सगळं तोंडी. मी "उद्या सांगते" म्हणून आले. थांबायचं नाही हे पक्कं आहे. पण साहेब मराठीच आहेत, काम त्यांनी हाताला धरून शिकवलंय, आणि कोरडा इंग्रजी मेल टाकून निघून जाणं मला पटत नाही. मराठीत चिठ्ठी लिहिली आहे, जरा तपासून द्या:

"आदरणीय साहेब, काल तुम्ही ८० हजार पगार आणि सीनियर पद देऊ केलंत त्याबद्दल मनापासून आभार. रात्रभर माझं मन फार द्विधा होतं. पण सावलीला मला थेट १३२ केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरवर काम मिळणार आहे आणि पगारही जवळपास तेवढाच आहे, त्यामुळे सध्या तरी थांबणं शक्य वाटत नाही. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माफ करा. गरज लागली तर केव्हाही, अगदी रविवारीही बोलवा, मी येईन."

फतेहगंज

चिठ्ठी नंतर. आधी समोर जाऊन सांगा आणि त्याच दिवशी चिठ्ठी द्या. नकार आधी कागदावर वाचायला मिळाला की कितीही गोड लिहा, टाळल्यासारखंच वाटतं.

निजामपुरा_नाका

सही केलेलं ऑफर लेटर मोडायचं असेल तर नव्या कंपनीला लवकरात लवकर कळवा. त्यांनी इतर उमेदवारांना नकार कळवलेला असतो.

दांडियाबाजार

@निजामपुरा_नाका, उलट आहे. त्या नव्या कंपनीतच चालल्या आहेत. नाही म्हणायचंय ते जुन्या कंपनीला.

मनुष्यबळ_बडोदा

ताई, चिठ्ठीतली आपुलकी खरी आहे, ती तशीच ठेवा. अडचण चार ठिकाणी आहे. एकेक घेतो.

पहिलं, ८० हजार हा आकडा काढा. साहेबांनी तो तोंडी सांगितला, केबिनचं दार लावून. तुम्ही कागदावर उतरवलात की तो कागद एचआरच्या फाइलला लागतो, तिथून अकाउंट्सला कळतो, आणि आठवड्याभरात डिझाइनमधले बाकीचे लोक साहेबांकडे आपापला पगार घेऊन उभे राहतात. पदाचंही तेच, कारण त्या पदावर दुसऱ्या कुणाचा डोळा असू शकतो. "काल आपण जो प्रस्ताव ठेवलात" एवढं पुरतं. साहेबांना नेमका कोणता ते माहीत आहे, तिसऱ्याला कळायची गरज नाही. संबंध जपण्यात या एका गोष्टीचा वाटा मोठा असतो आणि नेमकी हीच सुटते, कारण आभार मानताना काय दिलं ते सांगावंसं वाटतं.

दुसरं, "द्विधा", "सध्या तरी", "शक्य वाटत नाही". या तिन्हींचा मालकाच्या कानावर एकच अर्थ पडतो: अजून थोडं ओढलं तर येईल. मग दोन दिवसांनी ८५ येतात, नंतर घरी फोन येतो, आणि तिसऱ्या वेळी नाही म्हणताना खरंच कटुता येते. नकाराचं वाक्य लहान आणि पूर्ण हवं. "मी माझा राजीनामा कायम ठेवत आहे." एवढंच. मऊपणा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वाक्यांत ठेवा, त्या वाक्यात नको.

तिसरं, तारीख. तुमच्या चिठ्ठीत ३१ जुलै कुठेच नाही. काउंटर ऑफरचं बोलणं सुरू झालं की बऱ्याच ठिकाणी एचआर बाहेर पडण्याची प्रक्रिया थांबवून ठेवते: बदली माणसाची जाहिरात थांबते, नो ड्यूजचा फॉर्म फिरत नाही. मग जुलैच्या शेवटी "अहो, तुम्ही तर विचार करत होतात ना" असं ऐकू येतं आणि रिलीव्हिंग लेटर लांबतं. चिठ्ठीत "१ जूनचा राजीनामा आणि ३१ जुलै हा शेवटचा दिवस कायम" असं आलं की ती वाट बंद होते.

चौथं, "केव्हाही, रविवारीही". हे मुळीच लिहू नका. ३ ऑगस्टपासून तुम्ही त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीचं माणूस असाल. जुन्या कारखान्यात रविवारी जाऊन डिझाइनला हात लावलात तर नव्या कंपनीच्या नेमणूकपत्रातल्या अटीत अडकाल. आणि बोलावल्यावर गेला नाहीत तर दिलेला शब्द मोडल्यासारखं होईल. मदत द्यायची असेल तर ३१ जुलैच्या आतली द्या आणि ती नेमकी लिहा.

विश्वामित्री_काठ

काकांचं बहुतेक पटलं. मी या चिठ्ठ्या घेणाऱ्या बाजूला बसतो म्हणून एक भर घालतो: कारणाबद्दल.

पगाराचं कारण दिलंत तर ते आमच्या हातातलं असतं, आम्ही वाढवून बघतोच. येण्याजाण्याचं दिलंत तर गाडी लावून देतो म्हणू. वरिष्ठाशी पटत नाही म्हणालात तर विभाग बदलून देऊ. म्हणून असं एकच कारण द्यावं जे खरं आहे आणि जे आमचा कारखाना सोडवू शकत नाही. ताईंचं १३२ केव्हीचं कारण तसंच आहे. ज्यांची टाकी, ओव्हन आणि टेस्टिंगची सोय ३३ केव्हीपर्यंतची आहे, त्यांना उद्या १३२ उभं करता येत नाही. मालकालाही ते मनातून समजतं आणि त्याचा मान राखला जातो, कारण त्याच्या देण्यात काही कमी नव्हतं.

मनुष्यबळ_बडोदा

इथे माझं मत थोडं वेगळं. "तुमच्याकडे १३२ नाही" असं ऐकू गेलं तर स्वतः उभ्या केलेल्या कारखान्याला कोणी लहान म्हटल्यासारखं लागू शकतं. शिवाय "सावली" आणि "१३२ केव्ही" एकत्र लिहिलं की या धंद्यातला माणूस कंपनीचं नाव लगेच ओळखतो. ते समोरासमोर विचारलं तर सांगा, कागदावर नको. मी कारण लिहूच नये या मताचा आहे.

विश्वामित्री_काठ

कारण नसलं की मालक स्वतः कारण शोधतो, आणि त्याला सापडतं ते बहुतेक वाईटच. "पुढची काही वर्षं मला वरच्या व्होल्टेज क्लासच्या डिझाइनमध्ये घालवायची आहेत" असं लिहिलं तर ते ताईंच्या वाटेबद्दल होतं, कारखान्याबद्दल नाही. गाव लिहू नये हे मान्य.

सूरसागर

माझा सल्ला: लेखी काहीच देऊ नका. काउंटर नाकारली हे लेखी आलं की कंपनी ग्रॅच्युइटी अडवते, कारण ती मालकाच्या मर्जीवर असते. पाच वर्षं भरली की हक्क असतो हे खरं, पण राजीनामा दिला की तो जातो.

दांडियाबाजार

@सूरसागर, पाच वर्षांचं बरोबर, पुढचं नाही. राजीनामा देऊन जाणाऱ्यालाही ग्रॅच्युइटी मिळते. १९७२ च्या कायद्यापासून तसंच आहे. अडवता येते ती गैरवर्तनासाठी नोकरीवरून काढलं तरच. काउंटर ऑफर नाकारणं त्यात कुठेच बसत नाही.

ताईंचा हिशोब मांडून दाखवतो. शेवटचा बेसिक ३१,००० धरू, डीए नाही. सहा वर्षांवर आठ महिने आहेत, सहा महिन्यांपेक्षा जास्त म्हणून पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे ७. ३१,००० ला १५ ने गुणा, २६ ने भागा, ७ ने गुणा: साधारण १,२५,१९२ रुपये. देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायचे असतात. चिठ्ठीत मात्र याचा उल्लेख करू नका. प्रेमाच्या कागदावर पैशाची मागणी आली की सगळा सूर बदलतो. ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा असतो, तो अकाउंट्सला वेगळा द्या.

काकांनी तारखेचं सांगितलं त्याला पीएफची बाजूही आहे. तुमच्या यूएएनवर "डेट ऑफ एक्झिट" जुनी कंपनी भरते. राजीनाम्यात एक तारीख, नंतरच्या बोलण्यात दुसरी असा घोळ झाला आणि त्यांनी ऑगस्टमधली तारीख भरली, तर ३ ऑगस्टच्या नव्या रुजू तारखेवर ती चढते. दोन्ही नोकऱ्यांचे दिवस एकमेकांत गेले की पीएफ ट्रान्सफरच्या वेळी खुलासा मागितला जाऊ शकतो आणि दुरुस्तीसाठी पुन्हा जुन्याच कंपनीच्या दारात जावं लागू शकतं. कंपनीने तारीख भरलीच नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पोर्टलवरून स्वतः भरता येते. चुकीची भरली गेली तर मात्र काम वाढतं.

सूरसागर

ग्रॅच्युइटीचं कळलं, धन्यवाद. तरी लेखी द्यायला मी कचरतो.

हलोल_शिफ्ट

माझं जरा वेगळं आहे. मी राजीनामा दिला, साहेबांनी वाढ सांगितली, मी काही बोललो नाही. महिनाअखेरीस वाढीव पगारच खात्यात आला. जायचं तर आहेच. आता नकाराची चिठ्ठी लिहिली तर विचित्र दिसेल का?

दांडियाबाजार

@हलोल_शिफ्ट, विचित्र दिसेल त्यापेक्षा गप्प राहणं महागात पडेल. वाढीव पगार घेऊन गप्प बसलात की तुम्ही थांबायला तयार झालात असं कंपनी म्हणू शकते. आजच दोन कागद द्या. साहेबांना: राजीनामा आणि शेवटची तारीख कायम आहे. अकाउंट्सला: या महिन्यात जमा झालेली जादा रक्कम माझ्या फुल अँड फायनलमध्ये वळती करून घ्यावी. रक्कम पगारपत्रक बघून लिहा, अंदाजाने नको, कारण पीएफ आणि टीडीएसही त्या प्रमाणात बदललेला असेल. वाढीऐवजी "रिटेन्शन" म्हणून एकरकमी काही आलं असेल तर आधी त्याचं पत्र वाचा. ठरावीक काळाच्या आत सोडल्यास परत करण्याची अट त्यात बहुतेक असते.

हलोल_शिफ्ट

पत्र नाही, नुसता पगारच आलाय. उद्या सकाळी दोन्ही देतो.

फतेहगंज

@कोठीरोडकर, सांगून झालं का?

कोठीरोडकर

हो, दुपारी सांगितलं. साहेब थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "लिहून दे, म्हणजे एचआरला पुढचं करायला सांगतो." तुम्हा सगळ्यांचं वाचून नव्याने लिहिलंय:

"आदरणीय साहेब,
स. न. वि. वि.

काल आपण वेळ काढून माझ्यापुढे जो प्रस्ताव ठेवलात, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. माझ्या कामाची आपण ही कदर केलीत हे माझ्या कायम लक्षात राहील.

दुपारी बोलल्याप्रमाणे, मी १ जूनचा राजीनामा कायम ठेवत आहे. ३१ जुलै हा माझा शेवटचा दिवस राहील. पुढची काही वर्षं मला वरच्या व्होल्टेज क्लासच्या डिझाइनमध्ये काम करायचं आहे, आणि त्यासाठीचा पाया मला इथेच, आपल्या हाताखाली मिळाला. वाइंडिंगचं पहिलं गणित आपण समोर बसवून करून घेतलंत, ते मी विसरणार नाही.

जाण्याआधी तीन कामं माझ्याकडून पूर्ण होतील. चालू टेंडरची जीटीपी शीट १० जुलैपर्यंत, मंजुरीला गेलेल्या ड्रॉइंगच्या शेऱ्यांची उत्तरं १८ जुलैपर्यंत, आणि एर्डाच्या टाइप टेस्टच्या फायली अनुक्रमणिकेसह २५ जुलैपर्यंत. शेवटचा आठवडा माझ्या जागी येणाऱ्यासाठी मोकळा ठेवला आहे.

लोभ असावा, ही विनंती."

विश्वामित्री_काठ

फार छान. वाइंडिंगचं गणित ठेवाच. "आपण खूप शिकवलंत" असं सगळेच लिहितात, त्यावर नजर थांबत नाही. हे वाचून त्यांना ते टेबल आठवेल.

मनुष्यबळ_बडोदा

कारणाचं वाक्य मी अजूनही काढलं असतं, पण पायाच्या गोष्टीला जोडून आलंय म्हणून बोचत नाही. राहू द्या.

तीन कामांवर एक सूचना. ड्रॉइंगचे शेरे ग्राहक कंपनीकडून कधी येतील ते तुमच्या हातात नाही. "१८ जुलैपर्यंत आलेल्या शेऱ्यांची उत्तरं" असं करा. नाहीतर शेरा २२ तारखेला आला की "लिहून दिलं होतंस" असं होतं आणि शेवटच्या आठवड्यात नको तो ताण येतो. बाकी दोन कामं तुमच्याच टेबलावरची आहेत, त्यांना तारीख ठीक.

आणि ही चिठ्ठी फक्त साहेबांना. एचआरला वेगळा दोन ओळींचा इंग्रजी मेल, राजीनाम्याच्याच मेलवर उत्तर म्हणून: आज साहेबांशी बोलणं झालं आहे, १ जूनचा राजीनामा आणि ३१ जुलै ही तारीख कायम आहे, नो ड्यूजची प्रक्रिया सुरू करावी. त्यात प्रस्तावाचा शब्दही नको. नोंद त्या मेलने होते, म्हणून साहेबांची चिठ्ठी मनासारखी लिहायला मोकळी राहते. एकाच कागदावर दोन्ही कामं करायला गेलं की प्रेमही कार्यालयीन होतं आणि नोंदही संदिग्ध.

सूरसागर

हे दोन कागदांचं पटलं. मला वाटत होतं भावनांचा कागदच एचआरच्या फाइलला लावायचा.

कोठीरोडकर

काका, शेऱ्यांचं वाक्य बदलते आणि एचआरचा मेल लगेच टाकते. एक भीती आहे. चिठ्ठी वाचूनही साहेबांनी पुन्हा आकडा वाढवला तर? तेव्हा परत लिहायचं का?

मनुष्यबळ_बडोदा

पुन्हा लिहू नका. दुसऱ्यांदा लिहिलं की पत्रव्यवहार सुरू होतो, आणि पत्रव्यवहार म्हणजे वाटाघाट. तोंडी एकच वाक्य: "साहेब, आकड्याचा प्रश्न नाही, मी शब्द दिलाय." त्यानंतर लगेच कामाचा विषय काढा. त्या दिवशीची जीटीपी शीट हातात घेऊनच केबिनमध्ये जा. आकडा काय ते विचारूही नका. कळला की तुलना सुरू होते, आणि तुमच्या चेहऱ्यावर ती दिसते.

विश्वामित्री_काठ

अगदी. आणि पुढच्या महिन्याभरात सुट्ट्या कमी घ्या. चिठ्ठीवर मालकाचा विश्वास बसतो तो १० जुलैला जीटीपी शीट हातात पडली की. तोवर तो "बघू" म्हणूनच बसलेला असतो.

निजामपुरा_नाका

आधी धागा नीट वाचला नव्हता. आता विचारतो: चिठ्ठी व्हॉट्सअॅपवर पाठवली तर चालेल? आमच्याकडे मालक सगळं त्यावरच बघतात.

फतेहगंज

चालेल की. त्यांना वाचायला सोपं तेच बरं.

दांडियाबाजार

मला नाही पटत. व्हॉट्सअॅपची चिठ्ठी एका बोटाने पुढे जाते. मालक कौतुकाने डिझाइन हेडला पाठवतील, तो ग्रुपवर टाकेल. हाताने लिहून पाकिटात द्या.

विश्वामित्री_काठ

हाताने लिहिलेली मीही जपून ठेवतो. पण साहेब त्या दिवशी बाहेरगावी असतील तर वाट बघत बसू नका, त्यांच्या स्वतःच्या ईमेलवर पाठवा. नकार दोन दिवस लांबला की त्या दोन दिवसांत ते तुमच्या नावाने वाढीचं पत्र तयार करून ठेवतात, आणि मग ते पत्र परत घ्यायला लावावं लागतं.

कोठीरोडकर

साहेब इथेच आहेत. अक्षर बरं आहे माझं, हातानेच लिहिते. उद्या सकाळी दहाला देते, एचआरचा मेल आत्ताच गेलाय. सगळ्यांना माझ्याकडून शेव उसळ उधार.

मनुष्यबळ_बडोदा

एचआरचं उत्तर आलं की त्यात ३१ जुलै लिहिलंय का ते बघा. नुसतं "नोटेड" आलं तर तारीख लिहून पुन्हा पुष्टी मागा.